गायगर नळीचा मृत काल स्वतः मोजा, मगच मोजणीत दुरुस्ती करा

गायगर-म्यूलर नळीसमोर एक किरणोत्सारी चकती ठेवली. सेकंदाला ५५१ नोंदी आल्या. ती काढून दुसरी ठेवली, ५९३ आल्या. आता दोन्ही एकत्र ठेवल्या तर साधारण ११४४ यायला हव्यात, पण नळी दाखवते १०५३. नव्वदेक नोंदी कमी पडल्या. नळी बिघडलेली नाही, चकत्याही ठीक आहेत. प्रत्येक नोंदीनंतर नळी क्षणभर आंधळी होते आणि त्या क्षणात आलेला कण तिला दिसत नाही. या क्षणाला मृत काल म्हणतात. दर वाढेल तसे असे क्षण साचत जातात.

नव्याने मोजणी करणारे बरेच जण इथे एक गोष्ट विसरतात. हरवलेल्या नोंदी फक्त ९० नाहीत. एकेकटी चकती मोजतानाही काही नोंदी हरवल्याच होत्या. पुढे हिशेब केल्यावर दिसेल की दोन्ही चकत्यांचा मिळून खरा दर सेकंदाला १२५० च्या वर आहे, म्हणजे जवळजवळ २०० नोंदी गेल्या. तुमच्या हातातल्या नळीचा मृत काल या तीन आकड्यांतूनच काढता येतो. माहितीपत्रकात छापलेला आकडा वापरू नका असे मी आग्रहाने सांगतो, कारण तो नुसत्या नळीचा असतो. तुम्ही मोजता ते नळी, तिचा व्होल्टेज, मागचे सर्किट आणि त्याची उंबरठा-पातळी या सगळ्यांचे मिळून.

## नळी आंधळी का होते

नळीच्या मधोमध बारीक तार असते, तिला धन व्होल्टेज दिलेला असतो. बाहेरचा धातूचा दंडगोल ऋण. आत कमी दाबाचा निष्क्रिय वायू आणि थोडा हॅलोजन किंवा सेंद्रिय वायू. एखादा कण आत येऊन वायूचे आयनीकरण करतो, इलेक्ट्रॉन तारेकडे धावतात आणि तारेजवळच्या तीव्र क्षेत्रात त्यांचा हिमस्खलनासारखा गुणाकार होतो. गायगर नळीचे वैशिष्ट्य असे की हे एका जागी थांबत नाही. अतिनील प्रकाशामुळे शेजारी नवी हिमस्खलने सुरू होतात आणि विसर्ग पूर्ण तारेभर पसरतो.

इलेक्ट्रॉन पटकन गोळा होतात, पण धनायन जड आणि संथ असतात. ते तारेभोवती नळकांड्यासारखे वेढून राहतात, आणि त्यांच्या धन प्रभारामुळे तारेजवळचे क्षेत्र कमकुवत होते. हा वेढा पुरेसा बाहेर सरकेपर्यंत नवा कण आला तरी विसर्ग होत नाही. वेढा सरकत असताना विसर्ग होऊ लागतो, पण पल्स लहान येते. वेढा दंडगोलापर्यंत पोहोचला की पल्स पुन्हा पूर्ण उंचीची होते.

म्हणून इथे दोन वेगळे काळ आहेत. पल्स अजिबात येत नाही तो काटेकोर अर्थाने मृत काल. पल्स येते, पण सर्किटचा उंबरठा ओलांडण्याइतकी मोठी होईपर्यंत जो काळ जातो तो त्याहून थोडा जास्त. दुरुस्तीला लागतो हा दुसरा, आणि व्यवहारात यालाच सगळे मृत काल म्हणतात. मीही इथे तसेच म्हणतो आणि त्याला τ लिहितो. नेहमीच्या गायगर नळ्यांत तो साधारण ५० ते ३०० मायक्रोसेकंद असतो. प्रपोर्शनल काउंटरमध्ये हिमस्खलन तारेच्या छोट्या भागापुरतेच राहते, त्यामुळे तिथे काही मायक्रोसेकंदांतच भागते. दुरुस्तीची गरज सर्वांत आधी गायगर नळीला पडते ती यामुळे.

## एक सूत्र आणि त्यामागचा तर्क

दिसणारा दर m आणि खरा दर n धरू, दोन्ही प्रति सेकंद. प्रत्येक नोंदीनंतर नळी τ सेकंद बंद राहते. म्हणजे दर सेकंदातला mτ इतका भाग नळी बंद आहे आणि 1 − mτ इतकाच भाग ती खरोखर मोजते आहे. सगळ्या नोंदी त्या उघड्या वेळेतच आल्या, म्हणून

```
n = m / (1 - m*τ)
```

या सूत्रात एक गृहीतक आहे: नळी बंद असताना आलेला कण बंद काळ लांबवत नाही. या प्रतिमानाला न लांबणारा मृत काल म्हणू. दुसरे टोक असे की बंद काळात आलेला प्रत्येक कण घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू करतो. हा लांबणारा मृत काल, आणि त्याचे सूत्र

```
m = n * exp(-n*τ)
```

पहिल्या प्रतिमानात खरा दर कितीही वाढवला तरी m हळूहळू 1/τ च्या जवळ जाऊन थांबतो. दुसऱ्यात तो एका कमाल किमतीपर्यंत चढतो आणि मग खाली येतो. खरी नळी या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते, कारण लहान पल्स उंबरठा ओलांडत नाही, पण नवा आयन-वेढा तर तयार करते. कमी आणि मध्यम दरांना दोन्ही प्रतिमाने जवळजवळ तेच उत्तर देतात. कुठपर्यंत देतात ते पुढे आकड्यांनीच पाहू.

## दोन स्रोतांची पद्धत, हाताने करण्याच्या क्रमाने

आधी नळीचा कार्य-व्होल्टेज ठरवा. व्होल्टेज वाढवत गेल्यावर मोजणीदर ज्या पट्ट्यात फारसा बदलत नाही त्या पट्ट्याच्या मध्याजवळचा निवडा, आणि यापुढे त्याला हात लावू नका. व्होल्टेज बदलला की पल्सची उंची बदलते, तिच्याबरोबर τ बदलतो. व्होल्टेज देऊन नळी आणि सर्किट काही मिनिटे स्थिर होऊ द्या.

मग स्रोत निवडा. जवळजवळ सारख्या जोराच्या दोन बंदिस्त चकत्या हव्यात, आणि त्यांचा एकत्र दर इतका हवा की m₁₂·τ साधारण ०.१५ ते ०.२५ येईल. τ अजून माहीत नाही, तेव्हा अंदाजाने १५० मायक्रोसेकंद धरा. म्हणजे एकत्र दर सेकंदाला १००० ते १६०० च्या आसपास. स्रोत फार कमजोर असले तर हरवलेल्या नोंदींचा फरक आकडेवारीच्या चढउतारात बुडतो. फार जोरदार असले तर सूत्राचे गृहीतकच डळमळते. अंतर कमीजास्त करून योग्य दर साधता येतो. चकत्या चिमट्याने उचला आणि कधीही उघडू नका.

आता मांडणी. या पद्धतीचे यशापयश इथेच ठरते, म्हणून थोडे थांबून सांगतो. नळीसमोर दोन खाचा असलेली पट्टी पक्की बसवा. दोन चकत्यांच्या आकाराच्या, त्याच साहित्याच्या, पण किरणोत्सार नसलेल्या दोन कोऱ्या चकत्याही जवळ ठेवा. एक खाच रिकामी असते तेव्हा तिच्यात कोरी चकती बसवायची, म्हणजे किरणांचे विखुरणे तिन्ही मोजण्यांत सारखे राहते. क्रम असा ठेवा:

१. डाव्या खाचेत चकती अ, उजवीत कोरी. हा m₁.
२. अ ला न हलवता उजवीतली कोरी काढून तिथे ब. हा m₁₂.
३. ब ला न हलवता डावीतली अ काढून तिथे कोरी. हा m₂.
४. दोन्ही खाचांत कोऱ्या. ही पार्श्वभूमी, m_b.

या क्रमामुळे कोणतीही चकती तिच्या दोन मोजण्यांमध्ये जागची हलत नाही. हे इतके का जपायचे? चकती नळीपासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि ती अर्धा मिलिमीटर पुढेमागे झाली, तर अंतराच्या वर्गाच्या नियमाने दर ढोबळमानाने २ टक्के बदलतो. ६०० च्या दराला हे १२ नोंदी. आपण मोजतो आहोत तो फरक ९० चा. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरने τ मध्ये १३ टक्क्यांची चूक घुसली. मी सुरुवातीला खाचांच्या पट्टीशिवाय, कागदावर पेन्सिलीने खुणा करून हा प्रयोग करत असे. तीन दिवसांत तीन वेगळे τ आले आणि दोष मी नळीला देत राहिलो. पट्टी केली, आणि आकडे एकमेकांच्या जवळ आले.

प्रत्येक मोजणी किती वेळ घ्यायची? ३०० सेकंद तरी. त्याचे कारण पुढच्या हिशेबात दिसेल. सगळे झाल्यावर पहिली मोजणी पुन्हा एकदा करा. चकती पुन्हा त्याच खाचेत बसवल्याने थोडा फरक पडेल, पण तो मोठा असेल तर मधल्या वेळात काहीतरी सरकले आहे, आणि पूर्ण संच पुन्हा घेणे बरे.

## एक पूर्ण हिशेब

३०० सेकंदांच्या नोंदी अशा आल्या असे धरू: अ च्या १,६५,३००, दोन्हींच्या ३,१५,९००, ब च्या १,७७,९०० आणि पार्श्वभूमीच्या १५०. भागून सेकंदाचे दर निघतात: m₁ = ५५१.०, m₁₂ = १०५३.०, m₂ = ५९३.० आणि m_b = ०.५.

घाईच्या वेळी एक सोपे सूत्र वापरतात. फरक घ्या, 2·m₁·m₂ ने भागा:

```
τ ≈ (m1 + m2 - m12 - mb) / (2 * m1 * m2)
```

फरक ९०.५, छेद ६,५३,४८६, आणि उत्तर १३८ मायक्रोसेकंद. हे उत्तर खरे उत्तर नाही. हे सूत्र तयार करताना mτ अगदी लहान आहे असे धरलेले असते आणि आपला एकत्र दर तसा नाही. इतक्या दराला ते τ जवळजवळ ८ टक्क्यांनी कमी दाखवते. पहिला अंदाज म्हणून ते ठीक, वहीत अंतिम आकडा म्हणून नको.

नेमके उत्तर काढायला एकच अट पुरेशी आहे. दुरुस्त केलेले खरे दर एकमेकांत मिळवता आले पाहिजेत. अ च्या खऱ्या दरात एक पार्श्वभूमी आहे, ब च्या खऱ्या दरात एक, आणि दोन्हींच्या एकत्र दरात फक्त एक. म्हणून n₁ + n₂ = n₁₂ + n_b. ज्या τ ला ही बरोबरी साधते तो आपला τ. यासाठी लांबलचक वर्गमुळाचे सूत्र आहे, पण संगणकाला अर्धे-अर्धे करत शोधायला सांगणे जास्त सोपे, आणि त्यात चूकही कमी होते:

```python
def n(m, t):
    return m / (1 - m*t)

a, b, ab, bg = 551.0, 593.0, 1053.0, 0.5
lo, hi = 0.0, 0.9 / ab
for _ in range(60):
    t = (lo + hi) / 2
    if n(a, t) + n(b, t) > n(ab, t) + n(bg, t):
        lo = t
    else:
        hi = t
print(t * 1e6)
```

उत्तर येते सुमारे १५०.७ मायक्रोसेकंद. ताळा करून पाहा. या τ ने अ चा खरा दर ६००.९, ब चा ६५१.२, बेरीज १२५२.१. एकत्र दर १०५३ ला mτ ०.१५८७ आहे, तेव्हा n₁₂ = १२५१.६, त्यात पार्श्वभूमीचा ०.५ मिळवला की १२५२.१. बरोबरी जुळली.

आता या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? ३,१५,९०० नोंदींचे वर्गमूळ ५६२, म्हणजे m₁₂ मध्ये सेकंदाला १.९ ची अनिश्चितता. अ आणि ब मध्ये प्रत्येकी सुमारे १.४. हे तिन्ही एकत्र केले आणि दुरुस्तीच्या सूत्रातून पुढे नेले की τ मध्ये सुमारे ४.५ मायक्रोसेकंद निघतात. म्हणून वहीत लिहायचे ते १५१ ± ५ मायक्रोसेकंद. हीच मोजणी ३०० ऐवजी ३० सेकंद केली असती तर अनिश्चितता सव्वातीन पट, म्हणजे ± १४ झाली असती. मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान फरक काढतो आहोत, त्यामुळे इथे वेळ वाचवता येत नाही.

## आता अनोळखी मोजणीला दुरुस्ती

समजा पुढच्या प्रयोगात नळी सेकंदाला १००० नोंदी दाखवते. mτ = ०.१५१, खरा दर ११७७. मूळ वाचनात १७७ ची भर पडली. τ मधल्या अनिश्चिततेमुळे n मध्ये n²·δτ इतकी अनिश्चितता येते, इथे ती सुमारे ६, म्हणजे अर्धा टक्का. हे सहज चालण्यासारखे आहे.

२००० नोंदींना mτ = ०.३०१ आणि खरा दर २८६३. τ मुळे येणारी अनिश्चितता आता ३७, म्हणजे १.३ टक्के. पण इथे दुसरी शंका उभी राहते: प्रतिमान बरोबर आहे का? ते तपासायला तोच प्रयोग लांबणाऱ्या मृत कालाच्या सूत्राने सोडवून पाहा. त्याच चार आकड्यांतून τ येतो सुमारे १३३ मायक्रोसेकंद. तो वेगळा येतो यात आश्चर्य नाही. प्रत्येक सूत्राला त्याचा स्वतःचा τ असतो, आणि एकाचा τ दुसऱ्याच्या सूत्रात कधीही घालू नये. या १३३ ने १००० च्या वाचनाला खरा दर ११६८ येतो, आधीच्या उत्तरापासून एका टक्क्याच्या आत. २००० ला येतो २९६८, म्हणजे जवळजवळ ४ टक्के जास्त. २५०० च्या वाचनाला पहिले सूत्र ४०११ देते आणि दुसरे ४६२४, म्हणजे १५ टक्क्यांची तफावत.

खरी नळी या दोन उत्तरांच्या मध्ये आहे, आणि ती तफावत हीच तुमच्या अज्ञानाची रुंदी. म्हणून माझा स्वतःचा नियम असा आहे. mτ ०.१ च्या खाली असेल तर साधे सूत्र वापरा आणि निश्चिंत राहा. ०.१ ते ०.३ मध्ये दोन्ही सूत्रांनी काढा आणि फरक अनिश्चिततेत धरा. ०.३ च्या पुढे सूत्र थांबवा, स्रोत लांब न्या किंवा मध्ये छिद्र असलेला शिशाचा पत्रा ठेवा. तिथे गणित सुधारून काही मिळत नाही, मोजणीच बदलावी लागते.

काही चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की त्या सांगायलाच हव्यात. पहिली, पार्श्वभूमी आधी वजा करणे. नळीला पार्श्वभूमीचे कणही आंधळे करतात, म्हणून आधी पूर्ण वाचन दुरुस्त करायचे आणि मग दुरुस्त केलेली पार्श्वभूमी वजा करायची. दुसरी, प्रति मिनिट दराला सेकंदांतला τ लावणे. ६०,००० प्रति मिनिट म्हणजे १००० प्रति सेकंद. न बदलता सूत्रात घातला तर mτ ९ च्या पुढे जातो आणि उत्तर ऋण येते. ऋण उत्तर आले तर सर्वांत आधी एकके पाहा. तिसरी चूक ओळखायला कठीण असते: काही उपकरणे आतल्या आत दुरुस्ती करूनच आकडा दाखवतात. त्यावर पुन्हा दुरुस्ती केली की दर फुगतो. दोन स्रोतांचा प्रयोग अशा उपकरणावर केला तर बेरीज जवळजवळ तंतोतंत जुळते, τ शून्याजवळ येतो, आणि त्यावरून हे कळते.

## τ खरा आहे का, याची दोन स्वतंत्र पारख

पहिली ऑसिलोस्कोपची. नळीचा सिग्नल जोड-कपॅसिटरनंतर घ्या. कपॅसिटरच्या आधी उच्च व्होल्टेज असतो, तिथे प्रोब लावू नका. पल्सवर ट्रिगर करा, पडदा ५०० मायक्रोसेकंद ते १ मिलिसेकंद रुंद ठेवा आणि जुन्या रेषा टिकून राहतील अशी सोय चालू करा. जोरदार स्रोत समोर ठेवून मिनिटभर थांबा. पहिल्या मोठ्या पल्सनंतर एक रिकामी पट्टी दिसते, तीत एकही पल्स नसते. मग लहान पल्स दिसू लागतात आणि उजवीकडे जाल तशी त्यांची उंची चढत जाऊन पूर्ण होते. या चढत्या कडेवर सर्किटचा उंबरठा जिथे छेदतो तो तुमचा τ. १९४२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हर यांनी नळीतला हा नमुना दाखवला होता, आणि आजही नळी आत काय करते हे डोळ्यांनी पाहण्याचा याहून थेट मार्ग मला माहीत नाही. या चित्रात आणखी एक गोष्ट दिसते: उंबरठा वर ढकलला की छेदबिंदू उजवीकडे सरकतो. τ सर्किटवर का अवलंबून असतो याचे उत्तर समोर पडद्यावरच असते. एकच काळजी घ्या, प्रोबची धारिता पल्स थोडी लहान करते, म्हणून दहापट कमी करणारा प्रोब वापरा.

दुसरी पारख पत्र्याची, तिला ऑसिलोस्कोप लागत नाही. एकाच समस्थानिकाचे दोन स्रोत घ्या, एक कमजोर, एक जोरदार, आणि एकाच जागी आळीपाळीने ठेवा. मध्ये ठरलेल्या ठिकाणी धातूचा एकच पत्रा ठेवून आणि काढून मोजा. पत्रा किती अंश जाऊ देतो हे स्रोताच्या जोरावर अवलंबून नसायला हवे. कमजोर स्रोताने ०.६० मिळाले असे धरू. आपल्या नळीवर, खरा दर २८६३ असताना, पत्र्यासह खरा दर १७१८ होतो, पण दिसतो १३६५. न दुरुस्त केलेले गुणोत्तर १३६५ भागिले २०००, म्हणजे ०.६८. दुरुस्तीनंतर ते पुन्हा ०.६० च्या जवळ आले तर τ आणि सूत्र दोन्ही त्या दरापर्यंत ठीक आहेत. ०.६० च्या वर अडकले तर दुरुस्ती कमी पडते आहे, खाली घसरले तर जास्त होते आहे. मला ही पारख आवडते, कारण ती τ कसा काढला हे विचारतच नाही, फक्त अंतिम आकडा टिकतो की नाही एवढे पाहते.

## सूत्र जिथे लागूच होत नाही

हे सगळे गणित धरून चालते की कण यादृच्छिकपणे, पण स्थिर सरासरी दराने येत आहेत. क्ष-किरण यंत्र किंवा त्वरक ठोक्याठोक्याने किरणे सोडत असेल, आणि ठोका τ पेक्षा लहान असेल, तर एका ठोक्यात किती कण आले याची नळीला कल्पनाच नसते. ती ठोक्याला एकच नोंद देते. मोजणीदर ठोक्यांच्या दराइतका होऊन थांबतो आणि mτ लहान दिसते, म्हणून दुरुस्ती निरुपद्रवी वाटते. खरा दर मात्र कितीतरी पट असू शकतो. अशा ठिकाणी वाचन आणि यंत्राच्या ठोक्यांचा दर जुळतो का ते आधी पाहा. जुळत असेल तर नोंदी मोजणारी नळी सोडून प्रवाह मोजणारा आयनीकरण कक्ष घ्या.

दर खूप वाढल्यावर नळीला पूर्ण सावरायला वेळच मिळत नाही, पल्स सतत लहान राहतात आणि τ दराबरोबर बदलू लागतो. एक उपयोगी उपाय सर्किटमध्ये आहे. प्रत्येक नोंदीनंतर ठरलेला काळ, समजा ४०० मायक्रोसेकंद, इनपुट बंद ठेवायचे. हा काळ नळीच्या स्वतःच्या काळापेक्षा स्पष्टपणे मोठा असला की मृत काल सर्किट ठरवते, तो घड्याळाने मोजलेला असतो आणि न लांबणाऱ्या सूत्राला बराच धरून राहतो. नोंदी जास्त हरवतात खऱ्या, पण किती हरवतात ते नेमके कळते. मायक्रोकंट्रोलरने मोजणी करणाऱ्यांना हे दोन ओळींत जमते. बंद काळ संपेपर्यंत नव्या पल्सकडे दुर्लक्ष करायचे, एवढेच. त्यानंतर दोन स्रोतांचा प्रयोग पुन्हा करा. उत्तर ४०० च्या जवळ यायला हवे, नाहीतर कोडमध्ये किंवा पल्सच्या कडेत गडबड आहे.

शेवटी, नळी जिथे फसवू शकते ते टोक. आपल्या उदाहरणातल्या लांबणाऱ्या सूत्राने नळीचे कमाल वाचन सेकंदाला सुमारे २७६६ आहे, आणि ते खरा दर ७५०० च्या आसपास असताना येते. त्यापुढे किरणोत्सार वाढतो आणि आकडा उतरतो. अतितीव्र किरणोत्सारात काही उपकरणे शून्याजवळ जातात. म्हणून एखादे वाचन दोन खऱ्या दरांशी जुळू शकते, एक सुरक्षित आणि एक धोक्याचा, आणि नुसत्या आकड्यावरून कोणता ते सांगता येत नाही. अनोळखी स्रोताकडे जाताना उपकरण लांबूनच चालू करा, नजर आकड्यावर ठेवून हळू पुढे जा. जवळ जाताना आकडा वाढायचा थांबला किंवा खाली येऊ लागला तर आलात त्याच वाटेने लगेच मागे फिरा आणि तिथे आयनीकरण कक्षाचे उपकरण घेऊनच परत या.